आई-बाबांच्या लग्नाची पंचवीस वर्षे आणि मुलीचे भाषण

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी मोठी झालेली मुलगी आई-बाबांविषयी बोलायला उभी राहते, तेव्हा तिच्यापुढे ठरलेला असा नमुना नसतो. मराठी घरांतल्या पन्नाशीची शांत, साठी, सहस्रचंद्रदर्शन या विधींचा हिशेब माणसाच्या वयाशी आहे. लग्नाला किती वर्षे झाली याच्याशी नाही. पंचविसाव्या वर्षाला चांदीशी जोडण्याची चाल युरोपातून, मुख्यतः जर्मन भाषक प्रदेशातून आलेली. त्यामुळे औक्षण, हार घालणे, आग्रहाचा उखाणा आणि केक असा सोहळा आपण आपल्या परीने जमवून घेतला आहे. भाषणाची जागा मात्र मोकळीच राहिली, आणि ती बहुधा मानपत्राच्या भाषेने भरून निघते: आदर्श जोडपे, त्यागमूर्ती, वटवृक्षाची सावली. हे शब्द कोणत्याही जोडप्याला लागू पडतात, म्हणूनच ते समोर बसलेल्या दोघांना लागू पडत नाहीत.

या भाषणाची खरी अडचण वेगळीच आहे. ज्या पंचवीस वर्षांविषयी बोलायचे, त्यांतला बराच काळ मुलीने पाहिलेलाच नसतो. लग्न डिसेंबर २००० मधले आणि मुलीचा जन्म २००२ च्या सुरुवातीचा असेल, तर पहिले वर्ष तिच्यासाठी संपूर्ण ऐकीव. पुढची चार-पाच वर्षे ती घरात होती, पण तिला आठवण नाही. त्यानंतरची दहा-बारा वर्षे आठवतात, पण तेव्हा त्यांचा अर्थ कळत नव्हता. समजून उमजून पाहिलेला काळ शेवटच्या सहा-सात वर्षांचा. बहुतेक भाषणे बालपणाच्या पट्ट्यात अडकतात. शाळेचा डबा, परीक्षेच्या वेळची जागरणे, पहिली सायकल हे सगळे खरे आणि हृद्य असते. पण ते आई आणि वडील यांच्याविषयी असते, नवरा आणि बायको यांच्याविषयी नसते. ज्या नात्याचा वाढदिवस साजरा होत आहे, ते बाजूलाच राहते आणि भाषण मुलीच्या लहानपणाचे होऊन बसते.

हे घडले आहे का, ते ओळखण्याची खूण सोपी आहे. लिहिलेल्या मसुद्यातील प्रत्येक प्रसंगात आई आणि बाबा एकमेकांसाठी काय करतात, एकमेकांना काय म्हणतात, हे दिसते का ते पाहावे. दोघेही केवळ मुलीकडे पाहताना दिसत असतील, तर तो प्रसंग दुसऱ्या एखाद्या दिवसासाठी ठेवावा. नातेवाईक आणि मित्र यांना हे जोडपे बाहेरून माहीत असते. मुलीने ते घरातून पाहिलेले असते. स्वयंपाकघरातले बोलणे, दाराशी होणारी विचारपूस, भांडणानंतर आधी कोण बोलते, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. भाषणाचा अधिकार तिथून येतो.

जो काळ तिने पाहिला नाही, त्यासाठी विचारपूस करावी लागते, आणि ती महिनाभर आधी सुरू केलेली बरी. लग्नपत्रिका आणि अल्बम ही पहिली साधने. पत्रिकेवर मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता सापडतो. अल्बममध्ये वधूच्या मागे उभा मामा, करवली, पंक्तीत वाढणारे शेजारी दिसतात. हा अल्बम आजी, आत्या किंवा मावशीसमोर उघडला की बोलणे आपोआप सुरू होते. प्रश्न मात्र नेमका हवा. ‘तेव्हा आई-बाबा कसे होते?’ या प्रश्नाला ‘छान होते’ एवढेच उत्तर मिळते. ‘लग्नानंतर महिन्याभरात आलेल्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने कोणी केले?’ किंवा ‘दिवाळसणाला बाबा किती दिवस राहिले?’ असे विचारले, की माणसांच्या नावांसह, खोलीसह, त्या दिवसाच्या गडबडीसह गोष्ट बाहेर येते. मिळालेली गोष्ट दुसऱ्या कोणाकडून तरी पडताळून घ्यावी. सासरची आणि माहेरची आठवण एकाच प्रसंगाची असूनही पुष्कळदा जुळत नाही, आणि समारंभात दोन्हीकडची माणसे समोर बसलेली असतात.

उदाहरणासाठी डोंबिवलीचे एक घर कल्पू. वडील घाटकोपरला एका कारखान्याच्या कचेरीत, आई घराजवळच्या शाळेत शिक्षिका. मुलीला लहानपणापासून एक सवय माहीत आहे: संध्याकाळी बाबांचा फोन येतो, ते फक्त ‘गाडीत बसलो’ म्हणतात, आणि त्यानंतर आई कुकर लावते. इतकी रोजची गोष्ट की भाषणात घालावी असे तिच्या मनातही येत नाही. आजीकडे चौकशी करताना २६ जुलै २००५ चा विषय निघतो. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल बंद पडल्या, फोन लागेनात. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. तिला फक्त शेजारच्या काकूंची खाट आणि मेणबत्ती आठवते. बाबा त्या रात्री रुळांवरून चालत निघाले होते आणि जवळजवळ तीस किलोमीटर चालून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. आईने आदल्या संध्याकाळी नेहमीच्या वेळी भात लावला होता. तो तसाच राहिला. बाबा आल्यावर ती रडली नाही, रागावलीही नाही. ‘पुढच्या वेळी कळल्याशिवाय मी कुकर लावणार नाही,’ एवढेच म्हणाली. फोनची सवय तेव्हापासूनची.

आता मुलीच्या हाती भाषणाचा कणा आला. तिने स्वतः पाहिलेली सवय आणि तिने न पाहिलेले कारण, हे दोन्ही एकमेकांना जोडले गेले. मसुद्यात तो भाग असा येऊ शकतो:

‘आमच्या घरी भात बाबांच्या फोनवर शिजतो. रोज संध्याकाळी बाबा सांगतात, गाडीत बसलो. आणि आई कुकर लावते. मला वाटायचं, गरम भात मिळावा म्हणून असेल. गेल्या महिन्यात आजीने सव्वीस जुलैची गोष्ट सांगितली. बाबा रात्रभर रुळांवरून चालत होते आणि आई लावलेल्या भाताकडे बघत बसली होती. त्यानंतर आईने ठरवलं, कळल्याशिवाय कुकर लावायचा नाही. त्याला वीस वर्षं झाली. बाबा एकदाही फोन करायचे विसरले नाहीत, आणि आईने एकदाही आधी कुकर लावला नाही. तुम्ही दोघं एकमेकांना प्रेमाचं काही बोलताना मी फारसं ऐकलेलं नाही. पण हा फोन मी रोज ऐकते.’

या उताऱ्यात ‘प्रेम’ हा शब्द एकदाच येतो, तोही नकारातून. ‘त्याग’ आणि ‘आदर्श’ तर येतच नाहीत. तरी ऐकणाऱ्याला दोघांचा स्वभाव कळतो: आई कमी शब्दांत ठरवणारी, बाबा ठरलेले पाळणारे. एक धोका मात्र इथेही आहे. ‘एकदाही विसरले नाहीत’ हे विधान खरे नसेल, तर आई तिथल्या तिथे हसेल आणि परिणाम जाईल. ‘क्वचितच विसरले’ हे खरे असेल, तर तेच म्हणावे. ज्यांच्याविषयी बोलायचे तेच पहिल्या रांगेत बसलेले असतात. या भाषणात थोडीही अतिशयोक्ती लपत नाही.

पाच मिनिटांच्या भाषणात असा एक प्रसंग पूर्ण आणि दुसरा थोडक्यात, एवढेच मावते. बेताने बोलले तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. हशा आणि थांबण्याचा वेळ धरला, तर साडेचारशे ते पाचशे शब्दांचा मसुदा पुरतो. दुसरा प्रसंग अलीकडचा घ्यावा, म्हणजे मोठ्या झालेल्या मुलीची नजर त्यात येते. कोणाचे आजारपण, नोकरी सुटणे, घराच्या कर्जाचा काळ असे काही घ्यायचे असेल, तर ज्याची गोष्ट त्याची परवानगी आधी घ्यावी. भाषण गुप्त ठेवण्याच्या उत्साहात हे राहून जाते, आणि बाबांनी आपल्या भावंडांनाही न सांगितलेली अडचण दोनशे माणसांसमोर उघड होते. गर्भपात, दोन घरांमधले जुने रुसवे, जावा-नणंदांचे वाद हे परवानगी मिळाली तरी वगळलेले बरे. मंगल प्रसंगी समोरच्या माणसांना त्यावर काही बोलता येत नाही, उठून जाताही येत नाही. जे आजी-आजोबा हयात नाहीत, त्यांचे नाव मात्र सुरुवातीला, एका वाक्यात, घ्यावे. शेवटी घेतले तर सभागृह जड होते आणि त्याच मनःस्थितीत लोक जेवायला उठतात.

संबोधनाचा प्रश्न मराठीत बारीक पण महत्त्वाचा आहे. अनेक घरांत आईला ‘तू’ आणि बाबांना ‘तुम्ही’ म्हणतात. व्यासपीठावर आले की आईसाठीही अचानक ‘आपण’ सुरू होते आणि बोलणारी मुलगी परकी वाटू लागते. घरी जे म्हणतो तेच इथे म्हणावे. दोघांना एकत्र बोलताना ‘तुम्ही दोघं’ सहज येते, त्यामुळे अडत नाही. प्रसंग सांगताना पाहुण्यांकडे पाहून ‘आई’, ‘बाबा’ असे तृतीय पुरुषात बोलावे, आणि शेवटची चार-पाच वाक्ये तेवढी दोघांकडे वळून बोलावीत. पूर्ण भाषण त्यांनाच उद्देशून केले, तर बाकीच्यांना आपण दुसऱ्यांचे बोलणे ऐकतो आहोत असे वाटत राहते.

वेळ औक्षण आणि हार झाल्यानंतरची, जेवणाच्या आधीची. एकदा पंगत किंवा बुफे सुरू झाला की लक्ष परत मिळत नाही. मसुदा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिलेला असावा. मोबाइलवरून वाचताना मान खाली जाते आणि मधेच कोणाचा तरी फोन येतो. माइक हनुवटीच्या समोर चार बोटांवर धरावा आणि स्पीकरच्या पुढ्यात उभे राहू नये, नाहीतर शिट्टी वाजते. घरी सराव करताना मोठ्याने वाचावे, आणि कोणत्या ओळीला गळा दाटतो ते पाहून ठेवावे. ती ओळ काढायची नाही. तिच्या आधी कागदावर खूण करायची, तिथे थांबून पाण्याचा घोट घ्यायचा आणि मग ती सावकाश म्हणायची. तरी शब्द फुटलाच नाही, तर जवळ उभ्या भावाने किंवा बहिणीने तेवढी ओळ वाचायची, असे दोघांत आधीच ठरलेले असावे. म्हणून कागदाची दुसरी प्रत त्यांच्या हाती द्यावी. शेवटचे वाक्य झाले की माइक ठेवून आई-बाबांच्या पाया पडावे, आणि पाहुण्यांना जेवायला बसण्याची विनंती घरातल्या दुसऱ्या कोणी करावी.