उत्तरात प्रश्न नसतो

एका पाणीपुरवठा योजनेच्या पंपहाऊसमधल्या ऑपरेटरने फोनवर सांगितलेली गोष्ट मला आधी पटलीच नाही. "साहेब, टाकी भरून वाहतेय आणि इथं स्क्रीनवर सव्वा मीटर दाखवतंय. पंप बंद होतच नाही. शेवटी हातानं पाडला." पाच मीटर उंचीची, दहा लाख लिटरची टाकी पहाटे पावसात ओसंडत होती. आम्ही बसवलेली यंत्रणा मात्र ती जवळपास रिकामी असल्याचं सांगत होती. पोहोचल्यावर मी लेव्हल सेन्सर तपासला, तो अचूक होता. वायरिंग ठीक होतं. टाकीजवळचा छोटा पीएलसी स्वतःच्या डिस्प्लेवर खरी पातळी दाखवत होता. बिघाड होता तो टाकी आणि पंपहाऊस यांच्यातल्या संभाषणात, आणि त्या संभाषणाची भाषा होती मॉडबस.

मॉडबस १९७९ साली मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने आपल्या पीएलसींसाठी आणली. आज ती एनर्जी मीटर, व्हीएफडी, फ्लो मीटर, जनरेटर कंट्रोलर अशा असंख्य उपकरणांत असते. तिची रीत एका वाक्यात मावते: विचारेल तो मास्टर, सांगेल तो स्लेव्ह, आणि विचारल्याशिवाय स्लेव्ह काहीही बोलत नाही. २०२० पासून मॉडबस ऑर्गनायझेशनने या जोडीसाठी क्लायंट आणि सर्व्हर हे शब्द स्वीकारले, पण पॅनेलसमोर उभ्या माणसांच्या तोंडी अजून जुनेच शब्द आहेत. एका तारेच्या जोडीवर अनेक स्लेव्ह असतात, प्रत्येकाला १ ते २४७ मधला एक क्रमांक असतो. मास्टर हजेरी घेतल्यासारखा एकेकाला विचारत जातो आणि यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. यालाच पोलिंग म्हणतात.

आमच्या टाकीवरच्या पीएलसीचा क्रमांक १ होता आणि पंपहाऊसमधला पीएलसी मास्टर होता. मध्ये चार किलोमीटर अंतर, म्हणून दोन्ही टोकांना रेडिओ मोडेम होते. पातळी विचारणारा संदेश आणि त्याचं उत्तर तारेवर असं दिसायचं:

```
01 04 00 00 00 01 31 CA
01 04 02 01 56 38 9E
```

पहिली ओळ प्रश्नाची. स्लेव्ह क्रमांक १, फंक्शन ०४, शून्याव्या पत्त्यापासून एक रजिस्टर वाचून दे, आणि शेवटचे दोन बाइट सीआरसीचे, म्हणजे वाटेत अक्षर बिघडलं तर कळावं म्हणून केलेली बेरीज-तपासणी. दुसरी ओळ उत्तराची. तोच स्लेव्ह, तेच फंक्शन, पुढे दोन बाइट माहिती आहे, ती `01 56`, म्हणजे दशमान पद्धतीत ३४२. पातळी ३४२ सेंटिमीटर.

आता उत्तराकडे पुन्हा पाहावं. त्यात ३४२ आहे, पण ही पातळी आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. कोणत्या पत्त्यावरचं रजिस्टर वाचलं तेही नाही. पत्ता फक्त प्रश्नात असतो. उत्तर कशाचं आहे हे मास्टर केवळ एका आधारावर ठरवतो: मी शेवटी जे विचारलं, त्याचंच हे असणार. मॉडबसवर काम करणाऱ्याने आधी हे मनात पक्कं करावं असं मला वाटतं, कारण पुढचे अर्धे घोटाळे इथूनच निघतात.

रजिस्टरांचे प्रकार कळले की यातला एक घोटाळा लगेच ओळखू येतो. मॉडबसच्या जगात चार कप्पे आहेत. कॉइल म्हणजे चालू-बंद करता येईल असा एक बिट. रिलेच्या कॉइलवरून आलेलं हे नाव. डिस्क्रीट इनपुट म्हणजे फक्त वाचता येणारा बिट, समजा फ्लोट स्विच लागला की नाही. इनपुट रजिस्टर म्हणजे फक्त वाचता येणारी सोळा बिटांची संख्या, आणि होल्डिंग रजिस्टर म्हणजे वाचता-लिहिता येणारी. या चारांना पुस्तिकेत अनुक्रमे ०, १, ३ आणि ४ ने सुरू होणारे क्रमांक देतात. म्हणून आमची पातळी कागदावर ३०००१ होती. पण तारेवर हा आकडा जात नाही. पहिला ३ फंक्शन ०४ मध्ये जातो आणि उरलेल्या १ मधून एक वजा होऊन पत्ता शून्य होतो. काही उत्पादक पुस्तिकेत तारेवरचा पत्ता देतात, काही कागदावरचा, आणि कोणता दिलाय ते बरेचदा लिहीत नाहीत. मग एका घराने चूक होते: पातळीच्या जागी तिच्या शेजारच्या रजिस्टरमधला प्रवाह येतो. मास्टरला ती चूक दिसत नाही, कारण उत्तर नियमाप्रमाणे अगदी शुद्ध असतं.

टाकीच्या बाबतीत मला आधी हाच संशय आला, पण तो टिकला नाही. पत्त्याची चूक पहिल्या दिवसापासून असते आणि रोज असते. ही यंत्रणा आठ महिने बरोबर चालली होती.

उत्तर सापडलं ते ऑपरेटरच्या वहीत. तो दर तासाला स्क्रीनवरचे चारही आकडे लिहून ठेवायचा. त्या रात्री दोन वाजताच्या नोंदीत पातळी १.२६ मीटर, प्रवाह ताशी ३७६ घनमीटर, क्लोरीन १.८६ आणि बॅटरी ४.५ व्होल्ट होती. तीन वाजता प्रवाह ४३८ झाला, चार वाजता ५००. बाकीचे आकडे तसेच. आमचा पंप ताशी १८६ घनमीटरच्या वर जात नाही. मग ५०० कुठून आले? आणि बॅटरी ४.५ व्होल्टवर असती तर टाकीचा पीएलसी बंदच पडला असता.

मी आकडे एक घर मागे सरकवून पाहिले. 'प्रवाह' म्हणून लिहिलेले ३७६, ४३८ आणि ५०० म्हणजे सेंटिमीटरमधली पातळी: टाकी भरत भरत काठाला लागून थांबली. 'क्लोरीन' १.८६ म्हणजे प्रवाह १८६, कारण क्लोरीनचा आकडा शंभरने भागून दाखवला जायचा. 'बॅटरी' ४.५ म्हणजे क्लोरीनचे ४५, दहाने भागलेले. आणि 'पातळी' १.२६ म्हणजे बॅटरीचे १२६, खरे १२.६ व्होल्ट. चारही उत्तरं खरी होती, फक्त प्रत्येक उत्तर पुढच्या प्रश्नाला चिकटलं होतं. दीड मीटरखाली पंप सुरू आणि साडेचार मीटरवर बंद, असं लॉजिक होतं. बॅटरी १२.६ व्होल्टवर स्थिर असेपर्यंत तो पंप कधीच थांबणार नव्हता.

ही घसरण कशी होते ते पाहायला मी लॅपटॉप मोडेमच्या तारेला लावून बसलो. दुसऱ्या संध्याकाळी पाऊस आला आणि ती डोळ्यांसमोर घडली. एरवी प्रश्नाला उत्तर यायला ३२० मिलिसेकंद लागायचे. मास्टरला आम्ही ५०० मिलिसेकंदांचा टाइमआउट दिला होता आणि उत्तर न आल्यास एकदा पुन्हा विचारायला सांगितलं होतं. पावसात रेडिओने एक पॅकेट दुसऱ्यांदा पाठवलं आणि पातळीचं उत्तर ५६० मिलिसेकंदांनी आलं. तोवर, ५०० व्या मिलिसेकंदाला, मास्टरने तोच प्रश्न पुन्हा पाठवला होता. पहिलं उत्तर या दुसऱ्या प्रश्नाचं समजून त्याने घेतलं. आकडा बरोबरच होता, म्हणून इथवर नुकसान काही नाही. मग त्याने प्रवाह विचारला. पण पातळीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून वाटेत होतं. ते ८२० व्या मिलिसेकंदाला पोहोचलं. स्लेव्ह तोच, फंक्शन तेच, लांबी तीच, सीआरसी बरोबर. मास्टरने ते प्रवाह म्हणून नोंदवलं आणि क्लोरीन विचारायला निघाला. आता प्रवाहाचं उत्तर वाटेत होतं.

तिथून पुढे सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं, आणि भीती तीच आहे. एकही टाइमआउट नाही, एकही सीआरसी चूक नाही, संपर्काचा दिवा हिरवा. खूण दिसते ती फक्त वेळेत: उत्तरं आळीपाळीने ६० आणि २६० मिलिसेकंदांत येऊ लागतात. ३२० लागणाऱ्या वाटेवरून ६० मध्ये उत्तर येणं शक्य नाही. इतक्या लवकर आलेलं उत्तर म्हणजे मागच्या प्रश्नाचं उत्तर. तेव्हापासून मी प्रत्येक जोडणीत सर्वांत मोठ्या उत्तरवेळेबरोबर सर्वांत छोटीही नोंदवतो.

मॉडबस टीसीपीमध्ये प्रत्येक प्रश्नाला एक व्यवहार क्रमांक असतो आणि उत्तरात तोच परत येतो, त्यामुळे मास्टरने तो तपासला तर हा गोंधळ पकडता येतो. आरटीयू पद्धतीत ती सोय नाही. १९७९ ची कल्पना अशी होती की तार छोटी आहे, उत्तर लगेच येतं, आणि एका वेळी एकच संदेश तारेवर असतो. पंपहाऊसमधल्या आठ एनर्जी मीटरांवर ही कल्पना आजही खरी ठरते. ९६०० बॉडला एक अक्षर पाठवायला साधारण १.१५ मिलिसेकंद लागतात आणि साडेतीन अक्षरांइतकी, म्हणजे चार मिलिसेकंदांची, शांतता झाली की संदेश संपला असं धरतात. रेडिओ मोडेम मात्र संदेश साठवतो, अडला तर पुन्हा पाठवतो, आणि दोन संदेश एकाच वेळी वाटेत राहू शकतात.

टाइमआउट वाढवला की प्रश्न सुटला, असं वाटणं साहजिक आहे, पण त्याची किंमत असते. मीटरच्या पोर्टवर एका मीटरची चाळीस रजिस्टरं एका प्रश्नात वाचायला साधारण १३५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे आठ मीटरांची फेरी सव्वा सेकंदाच्या आत होते. तिथे एक सेकंदाचा टाइमआउट आणि दोन पुनर्प्रयत्न ठेवले आणि एक मीटर बंद पडला, तर प्रत्येक फेरीत त्या एकट्यासाठी तीन सेकंद जातात आणि उरलेल्या सात चांगल्या मीटरांचे आकडे चार सेकंदांनी ताजे होतात. म्हणून आम्ही मीटरच्या पोर्टला ३०० मिलिसेकंद दिले. बंद मीटरला तो परत येईपर्यंत तीस सेकंदांतून एकदाच विचारायचं ठरवलं.

रेडिओच्या पोर्टवर टाइमआउट १५०० केला. तो संपला की मास्टर लगेच पुढचा प्रश्न विचारत नाही. आणखी दोन सेकंद गप्प राहतो, तेवढ्यात जे काही येईल ते टाकून देतो आणि मगच बोलतो. चार वेगळे प्रश्न काढून टाकले आणि एकाच प्रश्नात सलग पाच रजिस्टरं मागवली. आता उशिरा आलेलं उत्तर फार तर शिळं असेल, पण पातळीच्या जागी बॅटरी येणार नाही. पाचवं रजिस्टर आम्ही टाकीच्या पीएलसीमध्ये नव्याने घातलं. त्यात दर सेकंदाला एकाने वाढणारी मोजणी असते. मास्टर ती प्रत्येक वेळी मागच्या आकड्याशी ताडून पाहतो, आणि दहा सेकंद ती पुढे सरकली नाही तर पंप थांबवून भोंगा वाजवतो.

ऑपरेटर अजून दर तासाला आकडे वहीत लिहितो. त्याने आता पाचवा रकाना आखला आहे.