डब्याचे दूध सोडताना: गाईचे दूध किती आणि लोह कुठून?

पावडरचे दूध, म्हणजे फॉर्म्युला, पिणारे बाळ एक वर्षाचे झाले की साधारणपणे गाईच्या दुधावर आणता येते. या बदलात दुधाबरोबर आणखी एक गोष्ट बदलते आणि ती घरात सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. फॉर्म्युलात लोह मुद्दाम घातलेले असते. ब्रँडनुसार तयार दुधाच्या एका लिटरमध्ये ते साधारण 5 ते 12 मिलिग्रॅम असते. गाईच्या एक लिटर दुधात मात्र ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच भरते. डबा बंद झाला की बाळाचा लोहाचा रोजचा पुरवठाही थांबतो आणि ती जागा ताटातल्या अन्नाने भरून काढावी लागते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला 7 ते 8 मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे.

वर्ष पूर्ण होण्याआधी गाईचे दूध हे मुख्य पेय करू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यात लोह कमी असतेच, शिवाय त्यातले कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन इतर अन्नातले लोहही नीट शोषू देत नाहीत. काही तान्ह्या बाळांच्या आतड्यातून या दुधामुळे डोळ्यांना न दिसेल इतके थोडे थोडे रक्तही जात राहते. प्रथिने आणि क्षार जास्त असल्याने कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण येतो तो वेगळाच. वर्षानंतर आतडे आणि मूत्रपिंडे बरीच तयार झालेली असतात, पण लोहाचा प्रश्न तसाच राहतो. दुधाला मर्यादा घालायची ती त्यासाठीच.

ही मर्यादा दिवसाला 400 ते 500 मिलिलिटर इतकी ठेवावी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने वरची सीमा सुमारे 700 मिलिलिटर मानली आहे. त्यापलीकडे जाऊ नये. दही, खीर, पनीर हे या हिशेबातच धरायचे. मूल अंगावरही पीत असेल, तर वरचे दूध आणखी कमी पुरते. दोन वर्षांपर्यंत दूध साय न काढलेले असावे; डबल टोन्ड किंवा स्किम्ड दूध या वयात देऊ नये. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जवळजवळ दुप्पट असल्याने पोट लवकर भरते. लोह मात्र त्यातही नगण्यच असते. पाणी घालून दूध पातळ केल्याने पोट भरते, पोषण मात्र घटते. सुटे दूध उकळूनच द्यावे.

बदल हळूहळू करावा, कारण अडचण येते ती बहुधा चवीची. फॉर्म्युला गोडसर असतो, गाईचे दूध तितके गोड नसते. तयार फॉर्म्युलात पहिले दोन-तीन दिवस एक चतुर्थांश दूध, मग निम्मे, मग तीन चतुर्थांश, असे करत आठ-दहा दिवसांत पूर्ण दुधावर येता येते. मात्र फॉर्म्युलाची पावडर पाण्याऐवजी दुधात कालवू नये. ते मिश्रण फार दाट होते आणि बाळाला बाधते. साखर, मध किंवा चॉकलेटची पावडर घालून दूध गळी उतरवण्याची सवय लावू नये. नेहमीचा फॉर्म्युला गाईच्याच दुधापासून बनलेला असतो, त्यामुळे तो पचणाऱ्या बाळाला गाईच्या दुधाची ॲलर्जी नव्याने निघणे दुर्मीळ असते. सोयाचा किंवा ॲलर्जीसाठीचा खास फॉर्म्युला चालू असेल, तर हा बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

याच वेळी बाटली सोडवून कपाची सवय लावली, तर दुधाचे प्रमाण आपोआप आटोक्यात येते. बाटलीतून झोपेतही भरपूर दूध जाते आणि रात्रभर तोंडात राहिलेल्या दुधाने पुढचे दात किडतात. शेवटचे दूध पाजल्यावर दात पुसून किंवा घासून मगच मुलाला निजवावे.

मर्यादा मोडली की काय होते, हे एका नमुन्यावरून स्पष्ट होते. समजा, दीड वर्षांचे मूल दिवसात 220 मिलिलिटरच्या पाच बाटल्या पिते, म्हणजे 1,100 मिलिलिटर दूध. त्यातून त्याला सुमारे 700 कॅलरी मिळतात. या वयाची गरज हजाराच्या आसपास असते. म्हणजे दिवसाची दोन तृतीयांश भूक बाटलीनेच भागते. लोह मात्र जेमतेम अर्धा मिलिग्रॅम मिळते. जेवायला बसवले की मूल दोन घास खाऊन तोंड फिरवते. जेवत नाही म्हणून घरचे आणखी दूध देतात आणि भूक आणखी मरते. मूल गुटगुटीत दिसते, वजनही चांगले भरते, त्यामुळे शंका येत नाही.

यातून बाहेर पडायला आधी रात्रीची बाटली बंद करावी, मग जेवणाआधीच्या बाटल्या. दोन-तीन आठवड्यांत 150 मिलिलिटरचे तीन कप, म्हणजे 450 मिलिलिटरवर यावे. पहिले काही दिवस मूल रडेल, जेवणही लगेच वाढणार नाही. त्या काळात तहानेला पाणी द्यावे, दूध वाढवू नये. दूध आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवले, तर जेवणातले लोह अंगी लागते.

लोह सर्वांत चांगले शोषले जाते ते चिकन, मटण आणि माशांतून. मसूर, मूग, हरभरा, नाचणी, हळीव आणि पालेभाज्या यांतले लोह कमी शोषले जाते, पण सोबत क जीवनसत्त्व असले की प्रमाण वाढते. मऊ वरणभातावर लिंबू पिळावे, जेवणाबरोबर टोमॅटो, संत्रे किंवा पिकलेला पेरू द्यावा. नाचणी मोड आणून दळली तर अधिक उपयोगी. मात्र तिची खीर दुधात शिजवली की लोहाचा लाभ घटतो, पाण्यातली पेज बरी. मुलाला चहा देऊ नये; त्यानेही लोह अडते.

लोह कमी पडल्याची चिन्हे सावकाश दिसतात. पापणीची आतली बाजू आणि तळहात फिके पडतात, मूल किरकिरे होते, लवकर दमते, माती किंवा भिंतीचा चुना खाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 68.9 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे वर्षाच्या सुमारास हिमोग्लोबिन तपासून घेणे योग्य ठरते. शंका असल्यास फेरिटिनही तपासतात, कारण शरीरातला लोहाचा साठा हिमोग्लोबिनच्या आधी घटतो.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांसाठी सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर लोह-फॉलिक ॲसिडचे सिरप दिले जाते. त्यात 20 मिलिग्रॅम लोह असते. रक्तक्षय असेल तर मात्रा वेगळी असते आणि ती डॉक्टर वजनावरून ठरवतात. हे औषध दुधाबरोबर देऊ नये. त्याने शौच काळपट होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. साधारण महिन्याभरात हिमोग्लोबिन 1 ग्रॅमने वाढायला हवे. वाढले नाही, तर दूध खरोखर कमी झाले आहे का आणि रक्तक्षयाचे कारण दुसरे आहे का, हे पाहावे लागते. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी औषध आणखी दोन-तीन महिने चालू ठेवतात. बाटली मुलाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी, कारण लोहाचे औषध एकदम जास्त पोटात गेले तर ते लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.