माइक मुका का होतो?

नाटकाची तालीम रेकॉर्ड करायची म्हणून रंगमंचावर कंडेन्सर माइक लावला, तीस मीटरची केबल मागच्या मिक्सरपर्यंत आणली, आणि रेकॉर्डिंगमध्ये संवादांऐवजी नुसता 'स्स्स' आला. अशा वेळी दोष लगेच केबलच्या लांबीवर ढकलला जातो. पण लांबीचा इथे फारसा संबंध नसतो.

कंडेन्सर माइकला चालायला वीज लागते. ती मिक्सरच देतो, आवाज ज्या तारांतून येतो त्याच तारांतून. हीच फँटम पॉवर. साधारण ४८ व्होल्टची ही वीज दोन्ही सिग्नल-तारांत प्रत्येकी ६,८०० ओहमच्या रोधातून सोडलेली असते. तीस मीटर तारेचा रोध त्यापुढे नगण्य, जेमतेम काही ओहम.

आधी गेन हळूहळू वाढवा. 'स्स्स' त्याबरोबर वाढला, तर मिक्सरपासून रेकॉर्डरपर्यंतचा मार्ग ठीक आहे आणि बिघाड त्याच्या अलीकडे, माइकच्या बाजूला आहे. काहीच ऐकू आलं नाही, तर चॅनेल म्यूट आहे का, फेडर खाली आहे का, रेकॉर्डिंगला भलताच इनपुट निवडलाय का ते पाहा. अलीकडच्या बाजूला सगळ्यात जास्त फसवतो तो जाड जॅक. एका टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला जॅक अशी केबल लावली, की बहुतेक छोट्या मिक्सरांवर फँटमची वीज माइकपर्यंत जातच नाही. बटणाचा दिवा मात्र खुशाल पेटलेला दिसतो.

एक्सएलआरच असेल, तर साधा मल्टिमीटर पुरे. फेडर खाली करा, माइक काढा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. मिक्सरच्या सॉकेटमध्ये १ आणि २, मग १ आणि ३ या भोकांत टोकं लावा. दोन्हीकडे ४८ च्या आसपास आकडा आला पाहिजे. आला नाही, तर गडबड बटणात किंवा मिक्सरमध्ये. आला, तर केबल जोडून माइकच्या टोकाशी तेच मोजा. समजा तिथे १-२ मध्ये ४८ आणि १-३ मध्ये शून्य आलं: तीन नंबरची तार तुटली आहे. दोन्हीकडे शून्य असेल, तर एक नंबरची शील्ड तुटली असण्याची शक्यता मोठी, कारण विजेचा परतीचा रस्ता तोच. मोजताना प्लगजवळ केबल वाकवून बघा. आकडा उड्या मारू लागला की जागा सापडली. केबल बहुतेक वेळा तिथेच, सोल्डरपाशी तुटते, कारण गुंडाळताना आणि ओढताना ताण तिथेच येतो.

दोनपैकी एकच सिग्नल-तार तुटली असेल, तर काही माइक बंद पडतात, काही अर्धवट चालतात. आवाज बारीक येतो, मग आपण गेन वाढवतो आणि सुसकारा आणखी चढतो.

माइक दुरुस्तीला देण्याआधी एकदा तो दुसऱ्या, छोट्या केबलवर लावून पाहा.