कानाचं मशीन घेताना पाच वर्षांचा हिशेब

वय झाल्यावर कमी ऐकू येऊ लागलेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते: ‘आवाज येतो, पण काय बोलले ते कळत नाही.’ ही तक्रार अगदी अचूक असते. वयोमानानुसार आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं. आ, ओ, ई हे स्वर जाड आवाजाचे असल्यामुळे ऐकू येत राहतात, पण स, श, त, फ, क यांसारखी बारीक व्यंजनं निसटतात. म्हणून फोनवर ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक कळत नाही, आणि समोरच्याने ओरडून सांगितलं तरी कळत नाही, कारण ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात.

मशीन कुठून घ्यायचं याचा निर्णय इथूनच सुरू होतो. ऑनलाइन हजार-दोन हजार रुपयांत मिळणारं यंत्र बहुधा नुसता आवाज वाढवणारा अँप्लिफायर असतो. तो पंख्याची घरघर, ताटांचा खणखणाट आणि सुनेचं बोलणं, सगळं जवळपास सारखंच मोठं करतो. त्यात कानानुसार काही बसवायची सोय नसते, फक्त आवाजाचं चाक असतं. चार दिवसांत डोकं दुखायला लागतं आणि मशीन कपाटात जातं. खरं डिजिटल श्रवणयंत्र संगणकाला जोडून, ऑडिओग्राम समोर ठेवून प्रोग्राम करता येतं: जिथे कान कमजोर, तिथेच आवाज वाढतो.

नामांकित कंपन्यांची अशी यंत्रंही ऑनलाइन मिळतात, कधी क्लिनिकपेक्षा बरीच स्वस्त. पण क्लिनिकच्या किमतीत ऑडिओलॉजिस्टचा वेळही धरलेला असतो. पहिली जुळवणी, दोन-तीन आठवड्यांनी फेरजुळवणी, कानातला रबरी डोम बदलून पाहणं, शिट्टी का वाजते ते शोधणं, हे काम कुरिअरने येत नाही. ऑनलाइन घ्यायचंच असेल, तर पैसे भरण्याआधी गावातल्या ऑडिओलॉजिस्टला मॉडेल सांगून विचारा, ‘हे तुम्ही प्रोग्राम करून द्याल का, आणि किती घ्याल?’ काही यंत्रं विकणाऱ्या साखळीच्याच सॉफ्टवेअरवर चालतात आणि दुसरीकडे उघडत नाहीत. परदेशातून मुलाने पाठवलेल्या यंत्रालाही इथे वॉरंटी लागू होईलच असं नाही. ऑडिओलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे ना, हेही पाहा. एकाच कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल किंवा कानातून पू येत असेल, तर मशीनचा विचार नंतर. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, आणि अचानक बहिरेपणा आला असेल तर त्याच दिवशी.

ट्रायलबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहे. क्लिनिकच्या शांत खोलीत अर्धा तास कानात घालून बसणं ही खरी ट्रायल नव्हे. तिथे सगळ्यांनाच छान ऐकू येतं. यंत्र घरी न्यायला मिळालं पाहिजे, निदान आठवडाभर, शक्य तर दोन आठवडे. काही क्लिनिक अनामत घेऊन देतात. त्यांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: परत केल्यास किती पैसे कापणार, ते लेखी देणार का, आणि घरी दिलेलं यंत्र विकत मिळणाऱ्या मॉडेलचंच आहे का. कानाचा साचा घेऊन बनवलेलं, कानाच्या आत बसणारं यंत्र दुसऱ्या कोणाला चालत नाही, त्यामुळे ते परत घेणं अवघडच असतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने कानामागचं घ्यावं, असं माझं मत आहे.

घरी मुद्दाम अवघड प्रसंग निवडा. मिक्सर चालू असताना स्वयंपाकघरात बोला, रिक्षात बसा, लग्नाच्या पंगतीत जेवा. पहिले काही दिवस स्वतःचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा वाटतो आणि वर्तमानपत्राची सळसळसुद्धा टोचते. बरंचसं सवयीने जातं. उरलेलं वहीत लिहून फेरजुळवणीला घेऊन जा. ‘बरं वाटत नाही’ एवढ्याने ऑडिओलॉजिस्टला काही करता येत नाही, पण ‘भांडी आपटली की दचकायला होतं’ असं सांगितलं तर नेमकी ती पट्टी खाली आणता येते.

आता खर्च. समजा, सत्तरीतल्या आजोबांनी दोन्ही कानांसाठी साठ हजारांची जोडी घेतली, ३१२ नंबरच्या, म्हणजे तपकिरी स्टिकरच्या सेलवर चालणारी. हा सेल दिवसभराच्या वापरात साधारण आठवडाभर जातो. दोन कानांचे वर्षाला १०४ सेल, म्हणजे सहाची सतरा-अठरा पाकिटं. पाकीट सव्वादोनशेला धरलं तर वर्षाचे सुमारे चार हजार, पाच वर्षांचे वीस हजार. डोम आणि मळ अडवणाऱ्या जाळ्या यांचे वर्षाला दीड हजार धरले, तर साडेसात हजार. वॉरंटी संपल्यावर एका कानाचा रिसीव्हर बिघडला तर सहा हजार, आणि नंतरच्या फेरजुळवण्यांचे तीन हजार. हे झाले साडेछत्तीस हजार. साठ हजारांचं मशीन पाच वर्षांत साडेशहाण्णव हजारांना पडलं, महिन्याला सोळाशे रुपये. तुमच्या गावचे दर घालून हाच हिशेब मांडा.

हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढला की छिद्रांतून हवा आत जाऊन सेल जागा होतो, म्हणून मिनिट-दोन मिनिटं उघडा ठेवून मगच बसवावा. स्टिकर परत चिकटवून आयुष्य वाचत नाही. रात्री सेलची खिडकी उघडी ठेवली की आतला दमटपणाही निघून जातो. वापरलेले सेल नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. कोणी गिळला तर लगेच दवाखाना गाठा.

चार्जिंगची जोडी समजा पंधरा हजारांनी महाग पडली. तिची बॅटरी साधारण चार-पाच वर्षांनी उतरते, आणि बहुतेक यंत्रांत ती कंपनीकडेच बदलावी लागते. त्याचे दहा हजार धरले तर फरक फारसा उरत नाही. तेव्हा पैशांकडे न पाहता बोटांकडे पाहा. हात थरथरत असतील, नजर कमी असेल, तर एवढासा सेल रोज हाताळणं जमत नाही, त्यांनी चार्जिंगचं घ्यावं. तीन-चार तासांच्या चार्जवर दिवसभर चालतं. ज्या गावात रात्र रात्र वीज नसते किंवा ज्यांना महिनाभर यात्रेला जायचं असतं, त्यांना सेलच बरे.

वॉरंटी बहुधा दोन वर्षांची, महागड्या यंत्रांना कधी जास्त. ती निर्मितीतल्या दोषापुरती असते. हरवलेलं, कुत्र्याने चावलेलं, पाण्यात पडलेलं यंत्र तीत येत नाही. डोम, नळी, जाळी वगळलेली असते, आणि रिसीव्हर व चार्जरची मुदत कधी वेगळी असते. यंत्रं सर्वांत जास्त बिघडतात ती मळ आणि ओलीने. जाळी बुजली की ‘मशीन बंद पडलं’ असं वाटतं, आणि पाच मिनिटांच्या कामासाठी लोक नवं घ्यायला निघतात. कोकणात आणि पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावंच.

बिलावर दोन्ही यंत्रांचे सीरियल नंबर, वॉरंटीची तारीख आणि मोफत फेरजुळवण्या किती, हे लिहून घ्या. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, लावला असेल तर विचारा. आणि घरात कोणाचं मशीन कपाटात पडलं असेल, तर नवीन पाहण्याआधी ते घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जा, नवा ऑडिओग्राम काढा आणि जाळी बदलून पुन्हा प्रोग्राम करून घ्या.