काढून टाकलं म्हणजे नेमकं काय गेलं?

भोपाळच्या कोलार रोडसारख्या वस्तीत टायपिंगचा सराव करून देणारी केंद्रं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं यांच्या टेबलांवरचे संगणक एकाच माणसाचे कधी नसतात. मध्य प्रदेशात अनेक सरकारी पदांसाठी लागणाऱ्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टायपिंग असतं. त्यासाठी रेमिंग्टन गेल किंवा इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर हात बसवावा लागतो, आणि त्या सरावाचं सॉफ्टवेअर अशा संगणकांवर घातलं जातं, काढलं जातं, पुन्हा दुसरं घातलं जातं. घालणं नीट झालं की नाही हे लगेच दिसतं, कारण प्रोग्रॅम चालतो किंवा चालत नाही. काढणं नीट झालं की नाही हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक ठिकाणी चाचणी करणारा डेस्कटॉपवरचं चिन्ह गेलं का, प्रोग्रॅमचं फोल्डर गेलं का एवढं पाहतो आणि ‘पास’ असा शेरा मारतो. थोडा काटेकोर असेल तर मागे किती फाइली उरल्या ते मोजतो. माझं म्हणणं असं की हे मोजमापच अर्धवट आहे. काढताना दोन प्रकारच्या चुका होतात: आपलं मागे राहतं, किंवा दुसऱ्याचं आपल्याबरोबर जातं. दुसरी चूक पहिलीपेक्षा कितीतरी महाग पडते, आणि फक्त ‘काय उरलं’ हे मोजणाऱ्या चाचणीला ती कधीच सापडत नाही.

समजा, हिंदी टायपिंग शिकवणारा एक साधा प्रोग्रॅम आहे. तो इन्स्टॉल होताना मुख्य फाइल `C:\Program Files` मध्ये ठेवतो. धड्यांचा मजकूर सगळ्यांसाठी सामाईक असल्याने तो `C:\ProgramData` मध्ये जातो, तर प्रत्येक विद्यार्थ्याचा वेग आणि चुका त्याच्या स्वतःच्या `AppData` मध्ये. कीबोर्डची मांडणी सांगणारी छोटी फाइल `System32` मध्ये बसते आणि तिची नोंद रजिस्ट्रीत होते. शिवाय कृतिदेव फॉन्ट `C:\Windows\Fonts` मध्ये जातो. वरकरणी एक असलेला प्रोग्रॅम असा पाच-सहा ठिकाणी पसरतो, आणि त्यातल्या निम्म्या जागा त्याच्या एकट्याच्या नसतात.

यातला फॉन्ट बारकाईने पाहू. कृतिदेव हा युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा फॉन्ट आहे. फाइलमध्ये साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरंच. फॉन्ट त्यांना देवनागरी आकार देतो. कृतिदेवमध्ये ‘भारत’ असं टाइप केलेल्या फाइलीत खरं तर `Hkkjr` ही पाच अक्षरं असतात. आता आपला प्रोग्रॅम येण्याआधीच त्या संगणकावर कृतिदेव होता आणि दुकानातले जुने अर्ज, पत्रं त्याच्यात होती असं धरा. प्रोग्रॅम काढताना अनइन्स्टॉलरने ‘आपला’ म्हणून फॉन्टही काढला, तर दुसऱ्या दिवशी ते सगळे कागद `Hkkjr` छापाच्या अगम्य अक्षरांनी भरलेले दिसतात. एकही फाइल हललेली नसते, तरी वाचण्यासारखं काही उरत नाही. महाराष्ट्रात अशाच जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टांत ज्यांनी वर्षानुवर्षं मजकूर ठेवला, त्यांनाही हे चित्र ओळखीचं वाटेल. ‘काहीही मागे राहू नये’ या निकषावर हा अनइन्स्टॉलर पैकीच्या पैकी गुण मिळवतो. याउलट ‘इनो सेटअप’ या विंडोजवर फार वापरल्या जाणाऱ्या इन्स्टॉलर बनवण्याच्या साधनाच्या माहितीपुस्तिकेत फॉन्टसाठी दिलेलं उदाहरणच असं आहे: आधी नसेल तरच ठेवा आणि नंतर कधीही काढू नका. म्हणजे मागे ठेवणं हा तिथे जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे.

जास्तीचं काढण्याने काय होतं याची दोन उदाहरणं सॉफ्टवेअरच्या इतिहासात ठळक आहेत. १९९८ च्या अखेरीस बंगी या कंपनीच्या ‘मिथ २’ या गेमच्या अनइन्स्टॉलरमध्ये असा दोष निघाला की गेम ज्या फोल्डरमध्ये टाकला, ते फोल्डरच तो सरसकट पुसत असे. नेहमीच्या फोल्डरमध्ये टाकला तर काहीच बिघडत नव्हतं. पण कुणी तो थेट डिस्कच्या मुळाशी टाकला असेल तर डिस्कवरचं सगळंच जाणार होतं. कंपनीने बाजारात निघालेला माल परत मागवला. डिसेंबर २००७ मध्ये ‘ईव्ह ऑनलाइन’ या गेमच्या नव्या आवृत्तीने वेगळाच घोळ केला. गेमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये `boot.ini` नावाची एक फाइल होती, आणि विंडोज एक्सपीला सुरू होण्यासाठी लागणाऱ्या, `C:\` च्या मुळाशी असलेल्या फाइलीचंही नाव तेच होतं. जागेचा पत्ता लिहिण्यातल्या चुकीमुळे इन्स्टॉलरने स्वतःची फाइल काढण्याऐवजी विंडोजची काढली, आणि संगणक पुन्हा चालू करताना अनेकांचं विंडोज सुरूच झालं नाही. या दोन्ही चुका ‘आपलं काय उरलं’ असं विचारून सापडल्या नसत्या. ‘जे आपलं नव्हतं ते जागेवर आहे का’ असं विचारलं असतं तर पहिल्याच फेरीत सापडल्या असत्या.

हा प्रश्न विचारायची रीत प्रयोगशाळेतल्यासारखीच आहे. एक आभासी संगणक घ्यायचा, त्यावर विंडोजची कोरी प्रत टाकायची आणि त्या अवस्थेची प्रत जपून ठेवायची, म्हणजे पाहिजे तेव्हा तिथे परतता येतं. मग त्यात मुद्दाम काही साक्षीदार पेरायचे: कृतिदेव फॉन्ट आधीच बसवायचा, त्यात लिहिलेलं एक पत्र ठेवायचं, आणि प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये बसणार ते आधीच करून त्यात त्याच्याशी संबंध नसलेली एक फाइल टाकायची. इन्स्टॉल करण्याआधी सगळ्या फाइलींची आणि रजिस्ट्रीची यादी काढून घ्यायची:

```
cmd /u /c "dir C:\ /s /b /a > D:\aadhi.txt"
reg export HKLM D:\aadhi_hklm.reg /y
reg export HKCU D:\aadhi_hkcu.reg /y
```

यातलं `/u` महत्त्वाचं आहे. ते विसरलं तर देवनागरी नावांच्या फाइली यादीत प्रश्नचिन्हं होऊन येतात आणि दोन वेगळ्या फाइली एकच भासू शकतात. नंतर प्रोग्रॅम इन्स्टॉल करायचा, थोडा वापरायचा, काढायचा, संगणक पुन्हा चालू करायचा आणि मगच दुसरी यादी काढायची. पुन्हा चालू करणं टाळून चालत नाही, कारण वापरात असलेली फाइल विंडोज लगेच पुसू देत नाही; पुढच्या वेळी सुरू होताना पुसायची अशी नोंद करून ठेवली जाते. शिवाय विंडोज स्वतःही सतत काही ना काही लिहीत असते. म्हणून तेवढाच वेळ, काहीही इन्स्टॉल न करता, दुसरी एक फेरी घ्यायची आणि तिच्यात दिसलेले फरक वजा करायचे. उरलेल्या फरकातल्या प्रत्येक ओळीला, वाढलेल्या आणि घटलेल्याही, मालक कोण हे सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही तर तो दोष.

ही फेरी एकाच खात्यावर घेतली तर परवानग्यांचे दोष निसटतात. केंद्रावर विद्यार्थी साध्या खात्यात बसतो आणि इन्स्टॉल करताना मालक येऊन प्रशासकाचा पासवर्ड घालतो. त्या क्षणी इन्स्टॉलर मालकाच्या नावाने चालू लागतो, आणि ‘सध्याचा वापरकर्ता’ म्हणून तो रजिस्ट्रीचा जो भाग उघडतो तो मालकाचा असतो. काढतानाही तेच होतं. विद्यार्थ्याच्या `HKCU\Keyboard Layout\Preload` या यादीत नोंदलेला कीबोर्ड तसाच राहतो, मांडणीची फाइल मात्र गेलेली असते. प्रशासकाच्या खात्यात बसून चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. म्हणून किमान दोन खाती घ्यायची आणि `HKCU` ची यादी प्रत्येक खात्यातून वेगळी काढायची.

याहून गंभीर दोष फोल्डरच्या जागेत असतो. `Program Files` मध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही, म्हणून काही जण प्रोग्रॅम सरळ `C:\` खाली ठेवतात आणि अडचण सुटली असं समजतात. `icacls` ही आज्ञा अशा फोल्डरवर चालवली की साधारणपणे अशी ओळ दिसते:

```
NT AUTHORITY\Authenticated Users:(I)(M)
```

`(I)` म्हणजे हा हक्क वरच्या फोल्डरकडून आपोआप आला आणि `(M)` म्हणजे बदलण्याची मुभा. त्या फोल्डरमधली एखादी फाइल पार्श्वभूमीवरची सेवा म्हणून विंडोजच्या पूर्ण अधिकाराने चालत असेल, तर कोणीही साधा वापरकर्ता तिच्या जागी स्वतःची फाइल ठेवून सगळा संगणक ताब्यात घेऊ शकतो. अनइन्स्टॉलर फोल्डर पुसून सेवेची नोंद मागे ठेवत असेल तर धोका उलट वाढतो. फोल्डर नाहीसं झालेलं असलं तरी साध्या वापरकर्त्याला `C:\` खाली त्याच नावाचं नवं फोल्डर करता येतं.

खात्यांप्रमाणेच विंडोजच्या आवृत्तीनेही फरक पडतो, म्हणून जुन्या विंडोजचा प्रश्नही येतो. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला थांबवला. मग त्यावर चाचणी कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण जुन्या विंडोजवर चाचणी घेणं आणि तिथे चालण्याची हमी देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोग्रॅम तिथे चालणार नसेल तर इन्स्टॉलरने एकही फाइल लिहिण्याआधी तसं सांगून थांबलं पाहिजे, आणि तो खरंच थांबतो का हे जुन्या विंडोजवरच कळतं. अनेकदा होतं ते असं: इन्स्टॉलर शेवटपर्यंत सुरळीत जातो, आणि प्रोग्रॅम उघडताना `api-ms-win-crt-runtime-l1-1-0.dll` सापडत नाही असा संदेश येतो. ही फाइल विंडोज १० मध्ये मुळातच असते. विंडोज ७ वर ती `KB2999226` या अपडेटने किंवा दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर येते. चाचणीच्या संगणकावर ती आधीच आलेली असेल तर दोष लपतो, म्हणून कोरी प्रतच लागते. आवृत्ती ओळखण्यातही फसगत होते. विंडोज ७ चा अंतर्गत क्रमांक 6.1 आणि विंडोज १० चा 10.0. दोन्ही संख्या म्हणून न ताडता मजकूर म्हणून ताडले तर पहिलं अक्षर ‘1’ हे ‘6’ पेक्षा लहान ठरतं, आणि इन्स्टॉलर नव्या विंडोजलाच जुनी समजून परत पाठवतो.

या सगळ्यावर आक्षेप दोन. पहिला असा की डिस्क स्वस्त आहे, चार फाइली उरल्या तर काय बिघडलं? जागेपुरतं हे खरंच आहे, आणि म्हणूनच उरलेल्या फाइलींचा आकार मोजण्यात अर्थ नाही. पण सामाईक संगणकावर फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रॅमच्या उरलेल्या फाइलींत एखाद्याचं नाव, जन्मतारीख, फोन नंबर असू शकतो. तिथे एक किलोबाइटही जास्तच. दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट: वापरकर्त्याचं काम पुसायचा अधिकार अनइन्स्टॉलरला कोणी दिला? विद्यार्थ्याची महिनाभराची प्रगती प्रोग्रॅम पुन्हा टाकल्यावर परत मिळायला हवी. हेही बरोबर आहे. दोन्ही आक्षेप एकाच वेळी बरोबर असू शकतात, याचाच अर्थ ‘शून्य उरलं पाहिजे’ हा नियम टिकत नाही. काय जायलाच हवं, काय विचारून जावं आणि कशाला हात लावायचा नाही, हे प्रोग्रॅम बनवणाऱ्याने आधी लिहून द्यायला हवं. आपल्या उदाहरणात मुख्य फाइल, कीबोर्डच्या नोंदी आणि सेवा पहिल्या यादीत, विद्यार्थ्याची प्रगती दुसऱ्या आणि फॉन्ट तिसऱ्या. या तीन याद्या हातात असल्या की चाचणी करणाऱ्याला फरकाची प्रत्येक ओळ कुठल्या यादीत बसते हे ताडून पाहता येतं. त्या नसतील तर तो फक्त चिन्ह गेलं का एवढंच सांगू शकतो.