दहा मीटर खोलीवरचा लाल मासा

लक्षद्वीपच्या प्रवाळात गोब्र्याच्या कुळातले दोन मासे राहतात. दोघांच्याही अंगावर निळे ठिपके असतात. सेफॅलोफोलिस मिनिएटा शेंदरी लाल असतो, तर सेफॅलोफोलिस आर्गस गडद तपकिरी. बोटीवर आणले तर लहान मूलही त्यांना वेगळे ओळखेल. दहा मीटर खोलीवर, फ्लॅश न वापरता काढलेल्या फोटोत मात्र दोघे सारखेच काळपट दिसतात. निळे ठिपके तेवढे लख्ख उमटतात आणि पाहणारा फसतो.

याचे कारण पाण्याच्या रेणूतच आहे. त्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधांची कंपने लाल प्रकाश शोषून घेतात. अगदी शुद्ध पाण्यातही दर मीटरला लाल प्रकाशाचा तीन दशांशाच्या आसपास भाग जातो. दहा मीटरवर शंभरातले तीनच भाग उरतात, निळ्याचे मात्र नव्वदच्या आसपास. शिवाय माशाकडून कॅमेऱ्याकडे येणारा प्रकाशही पाण्यातूनच येतो. म्हणजे दहा मीटर खोलीवरचा मासा चार मीटर दूर असेल, तर लाल प्रकाशाचा प्रवास चौदा मीटरचा होतो.

म्हणून लाल परत आणायची तयारी पाण्यातच करावी लागते. फोटो रॉ फाइलमध्ये घ्यायचा, कारण जेपेग तयार करताना कॅमेरा आपल्या अंदाजाने रंग ठरवून टाकतो. माशाजवळ, त्याच खोलीवर आणि कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर एक करडे कार्ड धरून आणखी एक फोटो काढायचा. कार्डाचा खरा रंग ठाऊक असतो, त्यामुळे पाण्याने किती लाल खाल्ले ते त्यावरून कळते.

पण नुसता लाल वाढवून भागत नाही. मासा आणि कॅमेरा यांच्या मधले पाणी स्वतःही थोडा निळा-हिरवा प्रकाश लेन्सकडे विखरते. हिवाळ्यातल्या धुक्यासारखा हा पडदा अंतराबरोबर दाट होतो. तो आधी वजा करायचा आणि मगच गुणाकार करायचा. पडदा किती आहे हे कळण्यासाठी त्याच अंतरावरची सर्वांत काळी जागा शोधायची, उदाहरणार्थ खडकाची कपार. तिथून वस्तूचा प्रकाश जवळजवळ येतच नाही, म्हणून तिथे दिसणारा उजेड पडद्याचाच असतो.

एक हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. एक मीटर अंतरावरच्या कार्डाचे रॉ आकडे लाल ३००, हिरवा ३००० असे आले. कपारीत हिरवा २०० आहे आणि लाल जवळजवळ शून्य. पडदा वजा केल्यावर कार्डाचा हिरवा २८०० उरतो, म्हणजे लालला सुमारे ९.३ ने गुणायचे. माशाच्या अंगावर लाल १५०, हिरवा ५०० आहे. हिरव्यातून २०० गेले की ३०० उरतात, आणि लाल होतो १४०० च्या जवळपास. लाल हिरव्याच्या साडेचारपटीहून अधिक भरला, तेव्हा हा मिनिएटा. आर्गसचा लाल याच जागी ४५ असता, तर गुणाकारानंतर ४२० च्या आसपास झाला असता, म्हणजे तपकिरी. पडदा वजा करायला विसरलो, तर मिनिएटाचे लाल-हिरवे प्रमाण साडेचारवरून तीनवर येते आणि मासा फिकट नारिंगी दिसतो.

इस्रायलच्या हैफा विद्यापीठात दर्या अक्कायनाक आणि ताली त्राइबित्स यांनी २०१९ मध्ये ‘सी-थ्रू’ ही पद्धत मांडली, ती याच विचारावर. हवेतल्या धुक्याचे गणित पाण्याला जसेच्या तसे लागू होत नाही, हा त्यांचा मुद्दा. एकाच जागेचे अनेक कोनांतून फोटो घेऊन प्रत्येक बिंदूचे अंतर काढायचे आणि त्या-त्या अंतरानुसार पडदा व शोषण वेगवेगळे हिशेबात घ्यायचे. दर फोटोत कार्ड धरण्याची गरज मग उरत नाही.

तरी जे कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलेच नाही ते कुठलेही गणित आणू शकत नाही. लाल फार कमी असेल, तर गुणाकाराने माशाच्या अंगावर लाल दाणे उमटतात आणि शेजारची पांढरी वाळू गुलाबी होते. वाळू गुलाबी दिसली, की त्या फोटोवरून रंगाचा निवाडा करू नये. लेन्सपुढचे लाल फिल्टरही लाल भरत नाही, ते फक्त निळा-हिरवा कमी करते. फ्लॅशचा उजेड मात्र मीटरभर जाऊन परततो, तेव्हा त्यातला लाल निम्म्याच्या आसपास टिकतो. ओळखीसाठी मला तोच सर्वांत भरवशाचा वाटतो. मात्र फ्लॅशच्या फोटोवर वरचा ९.३ चा गुणाकार लावायचा नाही.

कोकण किनाऱ्यालगतच्या हिरव्या, गढूळ पाण्यात हिशेब आणखी बदलतो. तिथे वनस्पतीप्लवक आणि विरघळलेले सेंद्रिय द्रव्य निळाही शोषतात. तेव्हा लाल आणि निळा दोन्ही दुरुस्त करावे लागतात. नुसता लाल वाढवला, तर सारे चित्र पिवळट होते.

आणि एक अपवाद. जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठाच्या निको मिशिएल्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रवाळातल्या ३२ जातींच्या माशांत लाल प्रतिदीप्ती नोंदवली. हे मासे निळा-हिरवा प्रकाश शोषून लाल प्रकाश बाहेर टाकतात. वीस मीटरवर, फ्लॅशविना, एखाद्या छोट्या गोबी माशाच्या डोळ्याभोवती लालसर झाक दिसली, तर ती वरून आलेल्या उजेडातली नसून तिथेच निर्माण झालेली असू शकते. पृष्ठभागापासूनच्या शोषणाचा गुणाकार तिला लावला, तर माशाला नसलेला भडक रंग चढतो.