एकच सिनेमा, तीन लांबी: आधी कोणता बघायचा?

शनिवारची रात्र. जेवणं उरकली आहेत आणि घरात सगळ्यांचं 'किंगडम ऑफ हेवन' बघायचं ठरलंय. शोधायला जाता, तर एकाच नावाचे दोन सिनेमे समोर येतात. एक दोन तास चोवीस मिनिटांचा, दुसरा तीन तासांहून मोठा आणि त्याच्या नावापुढे 'डायरेक्टर्स कट' असं लिहिलेलं. कोणीतरी म्हणतं, "छोटाच लावा, झोप येतेय." कोणी म्हणतं, "मोठ्यात जास्त काहीतरी असेल ना!"

या सिनेमापुरतं उत्तर सोपं आहे: मोठाच लावा, हवं तर दोन रात्रींत बघा. पण हेच उत्तर प्रत्येक सिनेमाला लावलंत तर फसाल. कारण 'डायरेक्टर्स कट' या दोन शब्दांचा अर्थ दर वेळी वेगळा असतो. हे समजून घ्यायला एकाच दिग्दर्शकाचे तीन सिनेमे पुरेसे आहेत. दिग्दर्शक म्हणजे रिडली स्कॉट.

आधी तीन नावं नीट ओळखू या

चित्रपटगृहात जी आवृत्ती पहिल्यांदा लागते, ती 'थिएट्रिकल कट'. ती किती लांब ठेवायची, शेवट कसा करायचा, याचा अखेरचा शब्द बहुतेक वेळा पैसा लावणाऱ्या स्टुडिओचा असतो. सिनेमा तीन तासांवर गेला की दिवसाचा एखादा खेळ कमी होतो, म्हणजे तिकीटविक्रीही कमी. कात्री लागण्याचं एक कारण हे असतं. दुसरं कारण म्हणजे प्रदर्शनाआधी निवडक प्रेक्षकांना दाखवलेले चाचणी-खेळ. तिथे लोक गोंधळले की स्टुडिओ घाबरतो आणि बदल सुचवतो.

'डायरेक्टर्स कट' हा मुळात संकलनाच्या टेबलावरचा शब्द. हॉलिवूडमध्ये दिग्दर्शकांच्या संघटनेच्या करारानुसार चित्रीकरण संपल्यावर दिग्दर्शकाला साधारण दहा आठवडे मिळतात. त्या काळात तो स्वतःच्या मनाप्रमाणे सिनेमा जोडून दाखवतो. त्यानंतर निर्माते आणि स्टुडिओ त्यावर हात चालवतात. पुढे घरी बघायच्या व्हिडिओचा धंदा वाढला, तसा हाच शब्द डब्यावर छापला जाऊ लागला. 'दिग्दर्शकाला मुळात असा सिनेमा हवा होता' असा त्याचा अर्थ ग्राहकांनी घेतला.

'एक्स्टेंडेड एडिशन' म्हणजे वाढवलेली आवृत्ती. वगळलेले प्रसंग तिच्यात परत घातलेले असतात. ते दिग्दर्शकाला तिथे हवेच होते, असा दावा हे नाव करत नाही.

पहिली गोष्ट: कात्रीत अख्खं पात्र गेलं

'किंगडम ऑफ हेवन' २००५ साली आला. बाराव्या शतकाच्या अखेरीचं जेरुसलेम, कुष्ठरोगाने ग्रासलेला तरुण राजा, त्याची बहीण सिबिला आणि फ्रान्सहून आलेला लोहार बेलियन यांची ही कथा. चित्रपटगृहात तो बघितलेल्यांना सिबिला हे पात्र कळेना. अर्ध्या वाटेवर ती एकदम बदलते, आतून मोडल्यासारखी दिसते, आणि त्यामागे पुरेसं कारण दिसत नाही.

कारण होतं, पण ते कात्रीत गेलं होतं. सिबिलाला एक लहान मुलगा असतो. राजानंतर गादीवर बसायचा मान त्याचाच. डायरेक्टर्स कटमध्ये हा मुलगा परत येतो आणि आई म्हणून सिबिलासमोर जो पेच उभा राहतो, तो सिनेमाचा कणाच आहे. तो काय, ते सांगत नाही, तुम्हीच बघा. ही आवृत्ती साधारण पाऊण तासाने मोठी आहे, पण हा पाऊण तास भरतीचा नाही. त्याच्याशिवाय उरलेल्या सिनेमातल्या काही गोष्टींना अर्थच राहत नाही.

इथे 'डायरेक्टर्स कट' हे नाव खरं आहे. अशा वेळी थिएट्रिकल कट वगळला तरी चालतो. (लढाया रक्तरंजित आहेत, लहान मुलांबरोबर बघायचा हा सिनेमा नाही.)

दुसरी गोष्ट: नाव मोठं, सिनेमा उलट एका मिनिटाने छोटा

आता त्याच दिग्दर्शकाचा 'एलियन' घ्या. १९७९ सालचा हा सिनेमा. अंतराळयानात सात माणसं आणि एक जीवघेणा प्राणी. २००३ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहात आला, तो 'डायरेक्टर्स कट' या नावाने. मजा म्हणजे हा कट मूळ सिनेमापेक्षा सुमारे एका मिनिटाने छोटा आहे. काही जुने प्रसंग घातले आणि बाकीचे थोडे थोडे आवळले.

स्कॉटनेच सांगून टाकलं आहे की १९७९ च्या सिनेमावर तो समाधानी होता. नवी आवृत्ती स्टुडिओच्या आग्रहाने झाली आणि 'डायरेक्टर्स कट' हे नाव विक्रीच्या सोयीचं. परत घातलेल्या एका प्रसंगात हरवलेल्या सहकाऱ्याचं नेमकं काय झालं ते नायिकेला दिसतं. प्रसंग म्हणून तो अंगावर येतो. पण तो येतो कुठे, तर शेवटी यान फुटायला मोजकी मिनिटं उरलेली असताना. जिवाच्या आकांताने धावणारी नायिका तिथे थांबते आणि तिच्याबरोबर आपली धाकधूकही थांबते. १९७९ मध्ये तो प्रसंग का काढला होता, हे बघताना लगेच लक्षात येतं.

म्हणून 'एलियन' पहिल्यांदा बघत असाल, तर १९७९ चाच बघा. दुसरी आवृत्ती नंतर, कुतूहल म्हणून.

तिसरी गोष्ट: 'डायरेक्टर्स कट'वरही समाधान नाही

'ब्लेड रनर' १९८२ चा. चाचणी-खेळांत प्रेक्षकांना तो समजेना, म्हणून स्टुडिओने दोन बदल करवून घेतले. नायक हॅरिसन फोर्डच्या आवाजात निवेदन घातलं आणि शेवट गोड केला. त्या शेवटासाठी डोंगर-जंगलावरून घेतलेली जी दृश्यं वापरली, ती स्टॅनली कुब्रिकच्या 'द शायनिंग' या सिनेमासाठी चित्रित होऊन न वापरता पडून राहिलेली होती!

१९९२ मध्ये 'डायरेक्टर्स कट' आला. निवेदन गेलं, गोड शेवट गेला आणि नायकाला पडलेलं एक छोटंसं स्वप्न आलं. त्या काही सेकंदांनी नायक कोण आहे, हा प्रश्नच बदलून टाकला. पण हे काम घाईत उरकलं होतं आणि स्कॉटचं मन भरलं नव्हतं. शेवटी २००७ मध्ये 'द फायनल कट' आला. पूर्णपणे त्याच्या ताब्यात असलेली ही एकमेव आवृत्ती. म्हणजे इथे 'डायरेक्टर्स कट' नावाची आवृत्ती दिग्दर्शकाच्या मनातली अखेरची नव्हतीच. पहिल्यांदा बघताना 'फायनल कट'च निवडा.

पण समोर लागलेली आवृत्ती कोणती, हे ओळखायचं कसं? इतर सिनेमांत लांबी बघितली की काम होतं. 'ब्लेड रनर'च्या या तिन्ही आवृत्त्या मात्र जवळजवळ सारख्याच लांबीच्या, दोन तासांच्या जरा आत आहेत. तेव्हा कान द्या. सुरुवातीलाच नायक स्वतःची कहाणी सांगू लागला, तर तो १९८२ चा कट. तिथेच थांबवा आणि दुसरी आवृत्ती शोधा.

वाढवलेली आवृत्ती आधी का बघू नये

एक्स्टेंडेड एडिशनचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पीटर जॅक्सनचे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन भाग. पहिला भाग चित्रपटगृहात १७८ मिनिटांचा होता, वाढवलेला २०८ मिनिटांचा. तिसरा २०१ मिनिटांचा, तो चार तासांच्या वर गेला. इथे दिग्दर्शकाचं म्हणणं सरळ आहे: चित्रपटगृहातला कट हाच माझा कट, वाढवलेला चाहत्यांसाठी.

तिसऱ्या भागातल्या दोन जागा बघा. सारुमान हा आधीच्या दोन भागांतला मोठा खलनायक. चित्रपटगृहातल्या तिसऱ्या भागात तो दिसतच नाही, त्याचं पुढे काय झालं ते आटोपशीर संवादात उरकलं आहे. वाढवलेल्या आवृत्तीत त्याचा शेवट पूर्ण बघायला मिळतो. हा खरा फायदा.

दुसरी जागा उलटी. एका मोठ्या लढाईत ऐनवेळी नदीतून जहाजं येतात. शत्रूला वाटतं, आपलीच कुमक आली. चित्रपटगृहातल्या कटमध्ये त्या जहाजांतून कोण उतरणार, हे आपल्यालाही ठाऊक नसतं, म्हणून तो क्षण टाळ्या घेतो. वाढवलेल्या आवृत्तीत त्याआधीच एक प्रसंग येतो आणि गुपित फुटतं. दुसऱ्यांदा बघणाऱ्याचं त्यात काहीच बिघडत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याचा मात्र एक मोठा आनंद हुकतो.

म्हणून घरातल्या मुलांना हे जग पहिल्यांदा दाखवणार असाल, तर आधी चित्रपटगृहातला कट दाखवा. त्यांना ते आवडलं, तर पुढच्या सुट्टीत वाढवलेली आवृत्ती आहेच.

आणि आपला 'शोले'

कात्री फक्त स्टुडिओच्याच हाती असते असं नाही. १९७५ मध्ये आणीबाणी होती. माजी पोलीस अधिकारी असलेला ठाकूर स्वतःच गब्बरला मारतो, हा रमेश सिप्पींचा मूळ शेवट सेन्सॉरला पटला नाही. शेवट पुन्हा चित्रित झाला आणि पोलीस वेळेवर हजर झाले. मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. ठाकूरचे हात, त्याचे खिळे ठोकलेले बूट, त्याने मनात धरलेला सूड, हे सगळं त्या शेवटाकडेच चाललेलं होतं. तुम्ही नेहमीचा 'शोले' पाठ केलेला असणारच. तेव्हा पुढच्या वेळी मूळ शेवटाचा बघा.

मग शनिवारी रात्री काय कराल?

नाव आणि लांबी बघून ठरवू नका. एकच प्रश्न विचारा: दिग्दर्शकाच्या मनाविरुद्ध काही कापलं किंवा जोडलं होतं का? सिनेमाच्या नावापुढे 'आवृत्त्या' असं लिहून शोधलंत, तर दोन मिनिटांत कळतं.

मनाविरुद्ध झालं असेल, तर दिग्दर्शकाने स्वतः मान्य केलेली शेवटची आवृत्ती आधी बघा. तसं नसेल, तर चित्रपटगृहात लागलेली आधी बघा आणि मोठी नंतरसाठी ठेवा. निवड झाली की पडद्यावरची एकूण लांबी एकदा ताडून घ्या. मोठ्या आवृत्तीचं चित्र दाखवून आत छोटी लावलेली असते, असंही होतं. तीन तासांच्या सिनेमात हे अडीच तासांनी कळलं, तर उपयोग नाही.